सोसायटीच्या निवडणुकीतील उमेदवाराचे निवेदन: सिंकिंग फंडाविषयीच्या एका वाक्याची तपासणी

गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीसाठी पहिल्यांदा उभे राहणाऱ्या उमेदवाराला सभासदांसमोर एक निवेदन मांडावे लागते, आणि त्यात बहुतेक वेळा हिशोबाचा मुद्दा येतोच. आमच्या संस्थेच्या निवडणुकीत मी उभा राहिलो तेव्हा सभासदांमध्ये एकच वाक्य फिरत होते, ‘सिंकिंग फंडातले पाच लाख कुठे गेले?’ मावळत्या समितीतील खजिनदार पुन्हा उमेदवार होते आणि हा प्रश्न अर्थातच त्यांच्याकडे बोट दाखवणारा होता. निवेदनात हा विषय टाळणे मला योग्य वाटले नाही, पण तो आहे तसा उचलणेही योग्य वाटले नाही. तेव्हा काय तपासले आणि शेवटी काय लिहिले, ते नव्या उमेदवारांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो.

सुरुवात वार्षिक अहवालापासून करावी. त्यातील ताळेबंद सर्व सभासदांना मिळालेला असतो, म्हणून आपण त्यातील आकडा सांगितला तर कोणीही तो स्वतः पडताळून पाहू शकतो. आमच्या ताळेबंदात देणे बाजूला सिंकिंग फंड १८,४०,००० रुपये होता आणि मालमत्ता बाजूला त्या फंडाच्या मुदत ठेवी १३,१०,००० रुपयांच्या होत्या. फरक ५,३०,००० रुपयांचा. सभासद ज्याला ‘गायब पाच लाख’ म्हणत होते, तो हाच फरक होता.

इथे हिशोबाची एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक चुकीचे आरोप याच ठिकाणी जन्माला येतात. देणे बाजूचा आकडा म्हणजे बँकेत ठेवलेले पैसे नव्हेत. मासिक बिल काढले की त्यातील सिंकिंग फंडाची वर्गणी त्या फंडात जमा दाखवली जाते, मग सभासदाने ते बिल भरलेले असो वा नसो. प्रत्यक्ष पैसे मात्र भरणाऱ्यांकडूनच येतात, आणि त्यातून आधी वीज, पाणी, सफाई व सुरक्षारक्षकांचा पगार भागवावाच लागतो. काही सभासदांनी बिले थकवली की तूट पडते ती मुदत ठेवीत टाकायच्या रकमेत. त्यामुळे फंड कागदावर वाढत राहतो आणि ठेवी मागे पडतात.

असे घडले आहे की आणखी काही, हे कळण्यासाठी मालमत्ता बाजूचा प्रत्येक आकडा आधीच्या वर्षांच्या ताळेबंदांशी जोडून पाहावा लागतो. आमच्याकडे सभासदांकडील थकबाकी दोन वर्षांत १,६०,००० रुपयांवरून ४,८०,००० रुपयांवर गेली होती, आणि लिफ्टच्या कामासाठी कंत्राटदाराला दिलेली ५०,००० रुपयांची आगाऊ रक्कम अजून समायोजित व्हायची होती. या दोन्हींची बेरीज ५,३०,००० रुपये होते. आगाऊ रकमेला सर्वसाधारण सभेची मंजुरी आहे का, हे इतिवृत्तात पाहिले, तर ठराव नोंदवलेला होता. म्हणजे पैसे कोणी नेलेले नव्हते, ते वसूल व्हायचे राहिले होते. थकबाकी न वाढता ठेवीच कमी झालेल्या दिसल्या असत्या, तर मी ठेवींच्या पावत्या आणि त्या मोडण्याविषयीचे ठराव पाहायला मागितले असते. लेखापरीक्षण अहवालातील शेरे आणि त्यावर समितीने दिलेला दोषदुरुस्ती अहवाल हे दोन्ही एकत्र वाचावेत. शेरा तेवढा उद्धृत करून समितीचे उत्तर गाळणे म्हणजे अर्धेच सांगणे होय.

एवढी तपासणी झाल्यावर मी मसुदा आधी खजिनदारांनाच दाखवला. विरोधी उमेदवाराला मसुदा दाखवण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही, पण हिशोबाच्या परिच्छेदापुरती तरी ती असावी असे माझे ठाम मत आहे. त्यांनी तो वाचून मला सांगितले, “आकडे बरोबर आहेत, पण थकवणाऱ्यांमध्ये दोन कुटुंबे आजारपणामुळे अडचणीत आहेत, म्हणून आम्ही नोटिशी काढण्याऐवजी हप्ते बांधून दिले. तेवढे लिहा.” त्यांची भूमिका मला पूर्ण पटली नव्हती, तरीही ती माझ्या निवेदनात त्यांच्याच शब्दांत यायला हवी होती. कोणती कुटुंबे, हे मात्र लिहिण्याचे कारण नव्हते. थकबाकीदारांची नावे किंवा सदनिका क्रमांक उमेदवाराच्या निवेदनात येऊ नयेत, एकूण रक्कम पुरेशी असते.

शेवटी तो परिच्छेद असा झाला:

“गेल्या आर्थिक वर्षाच्या ताळेबंदानुसार सिंकिंग फंड १८,४०,००० रुपये असून त्यापैकी १३,१०,००० रुपये मुदत ठेवीत आहेत. उरलेल्या ५,३०,००० रुपयांपैकी ४,८०,००० रुपये सभासदांकडील थकबाकीत अडकलेले आहेत आणि ५०,००० रुपये लिफ्टच्या कामाची आगाऊ रक्कम आहे, जिला सर्वसाधारण सभेची मंजुरी आहे. या रकमेचा गैरवापर झाल्याचे कोणत्याही कागदपत्रात दिसत नाही. अडचणीतील सभासदांना हप्ते बांधून द्यावेत, अशी मावळत्या समितीची भूमिका होती. हप्त्यांची सवलत लेखी व मुदतबंद असावी, आणि इतर थकबाकीबाबत तीन महिन्यांनंतर नोटीस जावी, असे माझे मत आहे. निवडून आल्यास तसा प्रस्ताव मी समितीपुढे मांडीन. माझी स्वतःची कोणतीही थकबाकी नाही.”

यातील शेवटचे वाक्य औपचारिकता म्हणून घातलेले नाही. थकबाकीदार सभासद समितीवर राहण्यास अपात्र ठरतो, त्यामुळे वसुलीविषयी बोलणाऱ्याने आपली स्थिती आधी सांगितली पाहिजे. ‘प्रस्ताव मांडीन’ हे शब्दही विचार करूनच घेतले. समितीचे निर्णय बहुमताने होतात आणि वर्गणीचे दर सर्वसाधारण सभा ठरवते. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडाची वार्षिक वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के असावी लागते, तेव्हा ‘मी निवडून आलो तर सिंकिंग फंड बंद करू’ असे सांगणारा उमेदवार जे त्याच्या हातात नाही ते देऊ करतो. असे आश्वासन दुसऱ्या कोणी दिले असेल, तर त्या उमेदवारावर टीका करण्याऐवजी उपविधीतील तरतूद आपल्या निवेदनात द्यावी, सभासद तुलना करतात.

शब्दांच्या बाबतीत मी विशेष काळजी घेतली ती ‘काही जणांचे म्हणणे आहे की’ अशा सुरुवातींची. नाव न घेता केलेला आरोपही लोक नेमक्या व्यक्तीला चिकटवतात, आणि त्या व्यक्तीला उत्तर देण्याची सोयही राहत नाही. ‘लपवले’, ‘उडवले’, ‘संगनमत’ हे शब्द हेतूविषयी बोलतात, आणि हेतू ताळेबंदात दिसत नाही. कागदपत्रांतून उत्तर मिळाले नसेल तर ‘अमुक खर्चाचा ठराव मला इतिवृत्तात सापडला नाही, समितीने खुलासा करावा’ एवढेच लिहावे, आणि तेही कार्यालयात लेखी विचारणा करून उत्तरासाठी वाजवी अवधी दिल्यानंतर.

निवेदन वाटल्यानंतर सचिवांनी कळवले की आर्थिक वर्ष संपल्यावर ७०,००० रुपयांची थकबाकी जमा झाली आहे. ताळेबंद त्याच्या तारखेपुरता बरोबरच होता, पण सभासदांना आजची स्थिती माहीत असायला हवी, म्हणून मूळ मजकूर तसाच ठेवून त्याखाली तारखेसह ही नोंद जोडली आणि ज्यांना निवेदन दिले होते त्या सर्वांपर्यंत ती पुन्हा पोहोचवली. ही वसुली मावळत्या समितीने बांधून दिलेल्या हप्त्यांतून झाली होती, हेही त्या नोंदीत लिहिले.