पुण्यस्मरणाची जाहिरात देताय? गेल्या वर्षीचं कात्रण तसंच पाठवताना या चुका टाळा

जाहिरात बुकिंगच्या कामात एक मेसेज दरवर्षी ठरलेला असतो. गेल्या वर्षीच्या पेपरातल्या कात्रणाचा फोटो आणि खाली "हेच टाका, फक्त प्रथमचं द्वितीय करा". पाठवणाऱ्याचं मन साफ असतं, घाई असते, आणि त्या दिवसांत नीट बसून मजकूर लिहायची हिंमतही नसते बऱ्याच जणांची, हे मी समजू शकते. पण आईवडिलांच्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत ज्या चुका छापून येतात त्यातल्या बहुतेक या एका मेसेजमधूनच जन्माला येतात, कारण एका वर्षात फक्त आकडा बदलत नाही, घर बदललेलं असतं.

समजा, बाबा 26 डिसेंबर 2023 ला गेले. त्या दिवशी दत्तजयंती होती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, शके 1945. पहिल्या वर्षीची जाहिरात अशी होती:

"प्रथम पुण्यस्मरण. कै. (पूर्ण नाव). बाबा, तुम्हाला जाऊन आज एक वर्ष झालं, तुमच्या आठवणीशिवाय एकही दिवस जात नाही. त्यांच्या पवित्र स्मृतीस भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: पत्नी श्रीमती अमुक, मुलगा, सून, मुलगी कु. अमुक, भाऊ श्री. अमुक आणि समस्त परिवार."

आता 2025 ला हेच कात्रण पुढे आलं आणि "प्रथम" खोडून "द्वितीय" केलं. खाली "आज एक वर्ष झालं" तसंच राहिलं. वर दोन, खाली एक. हे अगदी नेहमी होतं, कारण आकडा मथळ्यात असतो तसा मजकुरातही लपलेला असतो आणि नजर फक्त मोठ्या अक्षरांवर जाते. म्हणून वर्षाचा आकडा मथळ्यातच ठेवा, मजकुरात "एक वर्ष", "दोन वर्षं" लिहूच नका, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे चुकायला काही उरत नाही.

कितवं पुण्यस्मरण, हे मोजताना

गेले तो दिवस मोजायचा नाही. 2023 ला गेले तर 2024 ला प्रथम, 2025 ला द्वितीय, म्हणजे या वर्षातून ज्या वर्षी गेले ते वर्ष वजा करा, झालं. लोक गोंधळतात कारण घरात बोलताना आपण "तिसरं वर्ष लागलं" असं म्हणतो, ते चालू वर्ष असतं, पुण्यस्मरण पूर्ण झालेल्या वर्षांचं असतं.

पण तुम्ही तिथीने जाहिरात देत असाल तर ही वजाबाकी कधीकधी फसते. कुणी 2 जानेवारी 2024 ला गेलं असेल तर तो मार्गशीर्ष वद्य पक्ष होता, आणि तीच तिथी 2024 च्या डिसेंबरातच परत आली. इंग्रजी वर्षं वजा केली तर उत्तर शून्य! अशा वेळी शके वजा करायचं. जानेवारी 2024 मध्ये शके 1945 चालूच होतं कारण शके गुढीपाडव्याला बदलतं, डिसेंबर 2024 ला 1946, म्हणजे प्रथम. जाहिरातीत शके छापणार असाल तर हेही लक्षात ठेवा की पाडव्याआधीच्या तारखेला इंग्रजी वर्षातून 79 वजा होतात आणि पाडव्यानंतर 78.

तिथीची तारीख मात्र गेल्या वर्षीवरून अंदाजाने काढू नका, पंचांग बघा. आपल्या उदाहरणातली मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंतीची, 2024 ला 14 डिसेंबरला आली आणि 2025 ला 4 डिसेंबरला, म्हणजे दरवर्षी दहा-बारा दिवस मागे. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे त्यामुळे ती एकदम पुढे, 23 डिसेंबरला जाते. "दरवर्षी मागे येते" म्हणून 2026 ला नोव्हेंबरच्या शेवटी जाहिरात बुक केली तर सपशेल चुकलं.

तारीख घ्या किंवा तिथी घ्या, दोन्ही रीती चालतात, घरात जे पाळता ते. फक्त जाहिरातीत निधनाची तारीख 26 डिसेंबर छापलेली आणि जाहिरात 4 डिसेंबरच्या पेपरात आली की वाचणाऱ्याला वाटतं पेपरने घोळ घातला. तिथीने देताय तर मृत्यूच्या तारखेसोबत "मार्गशीर्ष पौर्णिमा" एवढं लिहा, प्रश्नच मिटतो.

अजून एक, मध्यरात्रीनंतर गेलेल्यांचं. रात्री दीड वाजता गेले तर घरातले आदल्या दिवसाची तारीख सांगतात कारण आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, मृत्यूच्या दाखल्यावर मात्र पुढची तारीख असते. भावाने एक पाठवली, बहिणीने दुसरी, आणि वाद सुरू. छापायला दाखल्यावरची तारीख घ्या आणि ती दरवर्षी तीच ठेवा.

आकड्याचे शब्दही बघून घ्या. द्वितीय आणि तृतीय यांत "ती" दीर्घ आहे. सहावं म्हणजे "षष्ठ", लोक सप्तम-अष्टमच्या ओघात "षष्ठम" करतात. आणि पुण्यतिथी दुसरी, पुण्यस्मरण दुसरे, स्मृतिदिन दुसरा. गेल्या वर्षी "पुण्यतिथी" होतं, यंदा "स्मृतिदिन" केलं आणि "दुसरी" तशीच राहिली, असं होतं. दहाच्या पुढे संस्कृत शब्दांच्या मागे लागू नका, सरळ "अकरावे पुण्यस्मरण" लिहा, छान दिसतं.

बाबा "तुम्ही" की "ते"?

वरच्या मजकुरात पुन्हा बघा. "बाबा, तुम्हाला जाऊन" आणि लगेच "त्यांच्या पवित्र स्मृतीस". पहिल्या वाक्यात बाबांशी बोलतोय, दुसऱ्यात बाबांबद्दल बोलतोय. हे होतं कारण पहिलं वाक्य घरच्यांनी मनापासून लिहिलेलं असतं आणि दुसरं कुठल्यातरी जुन्या नमुन्यातून उचललेलं असतं. एकच धरा. बाबांशी बोलायचं तर शेवटपर्यंत "तुमच्या स्मृतीस". आईच्या जाहिरातीत तर तीन-तीन होतात, "आई, तू", मग "आपल्या पवित्र स्मृतीस", मग "त्यांच्या". आईला घरात तू म्हणत होतात ना, मग पेपरात "तुझ्या आठवणींना वंदन" लिहायला अजिबात संकोच करू नका, त्यात अनादर नाही. मला तर तेच वाचायला जास्त खरं वाटतं.

"भावपूर्ण श्रद्धांजली" आणि "शोकाकुल" हे दोन शब्द मी बदलायला सांगते. व्याकरणाने चूक नाहीत, पण ते निधनाच्या बातमीचे शब्द म्हणून डोळ्यात बसलेत. माणूस पेपर चाळताना फोटो आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" एवढंच बघतो आणि त्या घरी सांत्वनाचे फोन सुरू होतात, आणि ते घेताना घरच्यांना पुन्हा सगळं सांगत बसावं लागतं, विशेषतः आईला. वर्षश्राद्धानंतर "विनम्र अभिवादन" किंवा "भावपूर्ण आदरांजली" घ्या, खाली "शोकाकुल" च्या जागी नुसतं "समस्त परिवार" पुरतं, आणि "द्वितीय पुण्यस्मरण" हे नावापेक्षा लहान टायपात जाऊ देऊ नका.

नावांची यादी

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. आपल्या उदाहरणात दोन जाहिरातींच्या मधे मुलीचं लग्न झालं आणि काका गेले. कात्रणात मुलगी "कु." आहे आणि काका "श्री." आहेत. काकांचं नाव तसंच छापून आलं तर काकूंना सकाळी चहाच्या वेळी ते वाचावं लागतं, यापेक्षा वाईट काय. खालची यादी स्मरण करणाऱ्यांची आहे, त्यात हयात माणसंच हवीत, गेलेल्यांच्या नावामागे "कै." लावून त्यांना यादीत ठेवू नका. मुलीचं नाव कसं छापायचं, सौ. लावायचं का, आडनाव कोणतं, हे तिलाच विचारा, गृहीत धरू नका.

आईच्या जाहिरातीत उपाधी वेगळी चुकते. वडील हयात असताना आई गेली तर "कै. सौ.", आणि पुढे वडील गेले तरी ते "कै. सौ." च राहतं, ती गेली तेव्हा जी होती तेच. वडिलांच्या पश्चात गेली तर नुसतं "कै." किंवा "कै. श्रीमती". दोघांची एकत्र जाहिरात देणार असाल तर एकच मोठा आकडा वर टाकू नका, दोघांची वर्षं वेगळी असतात, प्रत्येकाच्या फोटोखाली त्याची तारीख द्या आणि वर फक्त "पुण्यस्मरण" लिहा.

नावं एकतर सगळी द्या नाहीतर फक्त नाती द्या, "मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडे". जागेचे पैसे वाचवायला चार नावं आणि बाकी "इतर" केलं की ते "इतर" दुखावतात, आणि ते अनेक वर्षं लक्षात राहतं. सजावटीची जाहिरात चौरस सेंटिमीटरवर असते, तेव्हा जागा कमी असेल तर चारोळी काढा, नावं अर्धवट कापू नका.

आणि कात्रणाच्या तळाशी गेल्या वर्षीच्या कीर्तनाची किंवा प्रसादाची वेळ आणि पत्ता असेल तर तो आधी काढा. तो राहिला तर लोक बंद हॉलपाशी जाऊन उभे राहतात.

प्रूफ आलं की

तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप करता, आणि बऱ्याच ठिकाणी अजून जुने फॉन्ट वापरतात, तिथे मजकूर कन्व्हर्ट होताना अक्षरं मोडतात. रफार उडतो, "कार्यक्रम" चा "कायक्रम" होतो, "श्रद्धांजली" तला द्ध तुटतो, "स्मृती" तला ऋकार गायब. त्यामुळे तुम्ही पाठवलेला मेसेज बरोबर होता याचा उपयोग नाही, प्रूफच्या इमेजवरचं अक्षर न् अक्षर वाचायचं, झूम करून, आणि ज्याने मजकूर लिहिला त्याने वाचू नये, दुसऱ्याने मोठ्याने वाचावं आणि तिसऱ्याने दाखला हातात धरून तारीख बघावी. जाहिरात दोन-तीन दिवस आधी दिली तरच याला वेळ मिळतो, आदल्या संध्याकाळी दिली की प्रूफवर नुसतं "ओके" जातं.

तुम्ही ओके दिलेल्या प्रूफप्रमाणे चूक छापून आली तर ती तुमची, परत छापायचे पैसे पुन्हा भरावे लागतात. प्रूफ बरोबर होतं आणि पेपरात वेगळं आलं तर त्याच दिवशी प्रूफची इमेज आणि छापील पान दोन्ही पाठवून पुन्हा जाहिरात मागा. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या जाहिरातीत "कालच्या अंकात" वगैरे खुलासा मागू नका, पूर्ण जाहिरात बरोबर मजकुरासह परत येऊ दे.