एकच दिवाणखाना, तेच भांडण, नवा भाग

कौटुंबिक सिटकॉम लिहायला नव्याने येणारे बहुतेक जण विषयांची यादी घेऊन येतात: पाहुणे, परीक्षा, हरवलेली किल्ली. यादी लवकर संपते. पुरतो तो दोन स्वभावांमधला न मिटणारा तिढा. ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकन सिटकॉमचे 1951 ते 1957 या काळात 180 भाग झाले. त्यांतले कितीतरी एकाच गोष्टीवर उभे आहेत: लूसीला कार्यक्रमात झळकायचंय आणि नवऱ्याला ते नकोय.

समजा, बाबा दिसेल तो दिवा बंद करतात आणि मुलगी सगळे चालू ठेवते. भांडण विजेवरून दिसतं, पण बाबांना घर आपल्या हातात हवंय आणि मुलीला मोठं झाल्याची कबुली हवीय. हे ठरलं की भाग सुचू लागतात. दिवा बाबांच्याच हातून रात्रभर चालू राहिला तर? आजीने दोघांनाही फितवलं तर? बिलाचा कारभारच मुलीकडे गेला तर?

हा शेवटचा भाग बावीस मिनिटांत बसवू. पहिल्या दोन मिनिटांत नेहमीची खडाजंगी होते. मुलगी म्हणते, “महिनाभर बिल मी बघते.” ती तोंडघशी पडणार या खात्रीने बाबा लगेच हो म्हणतात. सातव्या मिनिटापर्यंत ती त्यांच्याहून कडक झालेली असते, बटणांवर चिकटपट्ट्या लागतात. तिकडे स्वयंपाकघरात आई आणि धाकटा गुपचूप आणलेला ओव्हन लपवतायत. हे उपकथानक त्याच भांडणातून निघालंय, म्हणून दोन्ही धागे शेवटी आपोआप एकत्र येतात. मध्यावर बाबा टॉर्चच्या उजेडात पेपर वाचताना पकडले जातात. अठराव्या मिनिटाला ओव्हन, इस्त्री, हीटर एकदम चालू होतात, फ्यूज उडतो आणि अंधारात एकेक जण कबुली देतो. कारभार पुन्हा बाबांकडे येतो. झोपायला जाताना मुलगी दिवा चालूच ठेवून जाते.

नवखा लेखक इथेच चुकतो. त्याला बाप-लेकीची गळाभेट हवी असते, बाबा बदलल्याचं वचन हवं असतं. तसं केलं की पुढच्या आठवड्याला भांडायलाच काही उरत नाही. आजचं प्रकरण मिटवा, स्वभाव तसाच राहू द्या. फार तर बाबांचा हात बटणापाशी क्षणभर थबकू दे. मालिका तेवढाच बदल पचवते.

दुसरी अडचण जागेची. एकाच खोलीत भांडण रंगवायचं तर ‘हा उठून निघून का जात नाही?’ याचं उत्तर प्रत्येक प्रवेशात लागतं: फोन यायचाय, दार लागलंय, ओव्हनसमोरून हललं तर तो दिसेल. उत्तर नसेल तर पात्रं उभ्या उभ्या नुसते टोमणे मारत राहतात. संवाद चुरचुरीत असतात, म्हणून हा दोष कागदावर लपतो. तालमीत नटाने “मी इथे थांबलोय कशाला?” असं विचारलं की तो उघडा पडतो.