कोयरीचा लोगो सहा नोडमध्ये: पेन्सिलच्या स्केचवरून स्वच्छ वक्ररेषा कशी काढावी

घरगुती लोणच्याच्या बरणीवर लावायला कोयरीचा लोगो हवा आहे आणि कागदावर पेन्सिलने छान कोयरी जमली आहे, असं धरून चालू. फोटो इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून `Path > Trace Bitmap` चालवलं, तर क्षणात आकार मिळतो. पण तो जवळून पाहा. सॉफ्टवेअरला पेन्सिलची रेषा ही रेषा म्हणून कळत नाही. त्याला दिसतो एक काळा पट्टा, आणि पट्ट्याला दोन काठ असतात. म्हणून बाहेरचा एक आणि आतला एक असे दोन आकार तयार होतात. कागदाचा खरखरीतपणा, हाताचा कंप, पेन्सिल उचलून पुन्हा टेकवल्याच्या खुणा हे सगळं नोड म्हणून, म्हणजे रेषेची जागा ठरवणारे बिंदू म्हणून नोंदलं जातं. एका कोयरीला शेकडो नोड सहज होतात. असा आकार स्टिकर कापणाऱ्या मशिनवर दिला की पातं प्रत्येक बारीक तुकड्यामागे वळत राहतं आणि काठ कातरल्यासारखा दिसतो. पुढे कोयरीचं पोट जरा फुगवायचं म्हटलं, तरी ओढायचं नेमकं काय हे कळत नाही.

हीच कोयरी सहा नोडमध्ये होते. हाताने, पेन टूलने. खालच्या सगळ्या पायऱ्या इंकस्केपच्या आहेत, कारण ते मोफत आहे. इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉमध्ये बटणं वेगळी असली तरी नोड कुठे टाकायचे याचं उत्तर बदलत नाही.

१. आधी कागदावर एकच रेषा ठरवा

स्केचमध्ये चार-पाच रेषा एकमेकींवरून गेलेल्या असतात. त्यातली खरी कोणती, हे संगणकावर ठरवू नका. स्केचवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि काळ्या पेनने एका दमात एकच बाह्यरेषा काढा. शक्य असेल तर स्कॅन करा. ३०० डीपीआय पुरेसं आहे. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर कागद सपाट ठेवून बरोबर वरून काढा. फोन जरा तिरका झाला तरी कोयरी एका बाजूला चेपते, आणि ती चूक पुढे सगळीकडे सोबत येते.

२. स्केच फिकट करून कुलूपबंद करा

`File > Import` मधून चित्र आणताना `Embed` निवडा. `Link` निवडलं आणि मूळ फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला, की चित्र गायब होतं. मग चित्राची अपारदर्शकता तीस-चाळीस टक्क्यांवर आणा आणि त्याच्या लेयरला कुलूप लावा. त्यावर नवा लेयर घ्या. नव्या रेषेला फिल म्हणजे आतला रंग नको, फक्त बारीक लाल स्ट्रोक म्हणजे काठाची रेषा ठेवा. करड्या स्केचवर लाल रेषा लगेच वेगळी दिसते.

३. नोड टोकांवर टाका

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पेन टूलची वक्ररेषा दोन नोड आणि त्यांच्यातून निघणाऱ्या दोन दांड्यांवर, म्हणजे हँडलवर उभी असते. नोड रेषेची जागा ठरवतो. हँडल ती कोणत्या दिशेने निघेल आणि किती जोराने त्या दिशेला धरून राहील हे ठरवतं. मोटारीच्या पत्र्याचे आकार नेमके मांडता यावेत म्हणून फ्रान्समध्ये सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनोचे पिएर बेझिए यांनी हे गणित स्वतंत्रपणे उभं केलं. लांबलचक वळण मोजक्या बिंदूंत बसवणं हेच मुळात त्याचं काम आहे. नवशिक्या माणसाला वाटतं, रेषा स्केचला चिकटून राहावी म्हणून मध्ये मध्ये नोड हवेत. प्रत्यक्षात वळण जिथे सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे किंवा उजवीकडे पोचतं तिथे नोड हवा, मधल्या चढ-उतारावर नको. अशा टोकाच्या जागी रेषा क्षणभर अगदी आडवी किंवा अगदी उभी असते, त्यामुळे हँडलही सरळ आडवं किंवा उभं ठेवता येतं आणि अंदाजाला वाव राहत नाही. फॉन्ट बनवणारेही अक्षरांचे नोड याच पद्धतीने टाकतात.

आता आपली कोयरी घ्या. पोट खाली, चोच वर उजवीकडे वळलेली. तिचे सहा नोड असे: चोचीचं टोक, वळलेल्या मानेचा सर्वांत वरचा बिंदू, डावी कड, तळ, उजवी कड, आणि चोचीखाली मान आत जाते तिथला सर्वांत आतला बिंदू. पेनने आधी हे सहा ठिपके ट्रेसिंग पेपरवरच करून ठेवलेत तर स्क्रीनवर विचार करावा लागत नाही.

`B` दाबून पेन टूल घ्या. चोचीच्या टोकावर फक्त क्लिक करा, ओढू नका, कारण तिथे कोपरा हवा आहे. मग माथ्यावर क्लिक करून डावीकडे ओढा, डाव्या कडेवर खाली, तळाशी उजवीकडे, उजव्या कडेवर वर आणि मानेच्या बिंदूवरही वर. रेषा ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेने ओढायचं. ओढताना `Ctrl` दाबून ठेवलं की हँडल ठरावीक कोनांवरच थांबतं, म्हणजे आडवं-उभं ठेवायला हात स्थिर असण्याची गरज नाही. शेवटी चोचीवर पुन्हा क्लिक केलं की आकार बंद होतो.

या घडीला कोयरी थोडी बेढब दिसेल. दिसू दे. हँडलची लांबी अजून लावलेली नाही.

४. हँडलची लांबी लावा

`N` दाबून नोड टूल घ्या. तळापासून उजव्या कडेपर्यंतचा तुकडा पाहा. समजा उजवी कड तळापेक्षा ६० पिक्सेल उजवीकडे आणि ८० पिक्सेल वर आहे. तळाचं आडवं हँडल आणि कडेचं उभं हँडल वाढवत नेले तर ते एका काल्पनिक कोपऱ्यात भेटतील. दोन्ही हँडल त्या कोपऱ्याच्या साधारण ५५ टक्के अंतरावर थांबवा: आडवं ३३, उभं ४४ पिक्सेल. नेमक्या वर्तुळाच्या पावभागासाठी हे प्रमाण ०.५५२ च्या आसपास येतं. आपली कोयरी वर्तुळ नाही, तरी सुरुवात इथून करावी. हँडल आखूड राहिले तर वळण मध्ये सपाट होतं. कोपऱ्याजवळ गेले तर पोटाला खांदा फुटतो. एक हँडल खूप लांब आणि दुसरं तुटपुंजं असेल तर वळण एका बाजूला ढकलल्यासारखं वाटतं.

उजव्या कडेपासून मानेपर्यंतचा तुकडा वेगळा आहे. तो आधी आत वळतो, मग बाहेर. इथे मध्ये नोड टाकायचा मोह होतो, पण गरज नाही. दोन्ही टोकांची हँडल उभी ठेवली, एक वर आणि एक खाली, की नागमोडी वळण एकाच तुकड्यात येतं. आपल्या उदाहरणात मान उजव्या कडेच्या ४० पिक्सेल डावीकडे आणि ९० पिक्सेल वर आहे असं धरा. कडेचं वरचं हँडल पन्नासच्या थोडं पुढे आणि मानेचं खालचं हँडल तीसच्या आसपास ठेवलं की वळण पोटातून मानेत न अडखळता जातं.

इथे एक दोष हमखास होतो. नोड `Smooth` आहे, दोन्ही हँडल एका रेषेत आहेत, तरी उजव्या कडेवर कोपरा भासतो. कारण हँडलची लांबी त्या जागी वळण किती घट्ट आहे तेही ठरवते. बाकी काही न हलवता हँडल निम्मं केलं, तर नोडपाशी वळण चौपट घट्ट होतं. खालचं हँडल ४४ आणि वरचं १५ ठेवलं, तर रेषा कडेपर्यंत सावकाश येते आणि पुढे एकदम मुडपते. अशा वेळी नोड वाढवू नका. आखूड हँडल लांब करा.

चोचीसाठी `Shift` दाबून नोडवरून ओढा, म्हणजे लपलेलं हँडल बाहेर येतं. खालच्या बाजूचं हँडल थोडं डावीकडे घ्या. वरच्या बाजूला बहुतेक वेळा हँडल लागतच नाही. हा नोड `Cusp` च राहू द्या. चुकून `Smooth` झाला तर टोकावर गाठ येते. `Shift+C` ने तो परत कोपरा होतो.

देठाजवळ पान हवं असेल तर त्याला दोनच नोड पुरतात, दोन्ही टोकदार. दोन सरळ रेषांचा बंद आकार करा आणि नोड टूलने रेषाच धरून बाहेर ओढा. पान उभं काढा, दोन्ही बाजू सारख्या करा, आणि मग हवं तितकं तिरकं फिरवा. तिरकं असताना दोन बाजू जुळवणं फार कठीण जातं.

५. स्केच लपवा आणि आकार पाहा

कोयरीला काळा फिल द्या, स्ट्रोक काढा, स्केचचा लेयर लपवा. लाल रेषेत न दिसलेले फुगवटे काळ्या आकारात लगेच दिसतात. मग `H` दाबून कोयरी आरशासारखी उलटी करा. डोळ्याला सवय झालेला आकार अनोळखी झाला की एका बाजूचा कल कळतो. शेवटी झूम कमी करून ती स्क्रीनवर लेबलावरच्या मापाची, म्हणजे साधारण १५ मिलिमीटर करा. पान आणि अंग यांच्यातली फट तिथे बुजत असेल, तर आत्ताच रुंद करा.

स्केच आणि नवी रेषा कुठेतरी जुळणार नाहीच. फरक पेनच्या रेषेच्या जाडीइतका असेल तर नव्या रेषेवर विश्वास ठेवा. तो बहुधा हाताचा कंप असतो. पण चोचीचा नखरा किंवा पोटाचा भारदस्तपणा निघून गेला असेल, तर एखादा टोकाचा बिंदू चुकीच्या जागी पडला आहे. आधी तो हलवून पाहा. सातवा नोड टाकायचाच असेल तर त्याचं नेमकं काम सांगता आलं पाहिजे.

आपोआप ट्रेस केलेला आकारच सुधारायचा असेल तर `Ctrl+L` ने नोड कमी होतात खरे, पण उरलेले टोकांवर पडतीलच असं नाही, आणि चोच बोथट होण्याचा धोका असतो. एवढ्या साध्या आकाराला नव्याने काढणंच लवकर होतं.

६. छपाईला देण्याआधी

स्केचचा लेयर पूर्ण काढून टाका. नुसता लपवला तर आत घातलेला फोटो एसव्हीजी फाइलमध्ये तसाच राहतो, फाइल जड होते आणि दुसऱ्याच्या संगणकावर तो कुणी चुकून दाखवूही शकतो. लोगोत कुठे जाडी दिलेली रेषा असेल तर `Path > Stroke to Path` करा, नाहीतर आकार लहान-मोठा करताना सेटिंगप्रमाणे रेषेची जाडी तशीच राहू शकते. हे केल्यावर नोड वाढतात, म्हणून आधीची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. नावाच्या अक्षरांना `Path > Object to Path` लावा. छापणाऱ्याकडे तुमचा देवनागरी फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं मोडून पडतात. मग `Plain SVG` आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइल द्या, आणि स्टिकर कापून घ्यायचा असेल तर आधी एकच नमुना कापायला सांगून चोचीचं टोक नीट सुटतंय का ते पाहा.