फॉरवर्ड झालेला फोटो तपासताय? या चुका टाळा

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दहा फोटोंपैकी आठ व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले असतात, नाहीतर स्क्रीनशॉट असतात. सोबत एकच प्रश्न असतो: "हा खरा की बनावट?" मूळ फाइल कुठे आहे हे कुणीच विचारलेलं नसतं. मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण तो प्रश्न पहिल्या दिवशी विचारला तर निम्मं काम तिथेच होतं.

फाइलच्या नावातली तारीख म्हणजे फोटो काढल्याची तारीख, असं धरणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यावर सविस्तरच लिहिते.

दोन चुलत भावांत कंपाउंडच्या भिंतीवरून वाद होता. एकाचं म्हणणं, भिंत २०२१ पासून उभी आहे. दुसऱ्याचं म्हणणं, २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत तिथे मोकळी जागा होती. त्याच्या वकिलांकडचा एक होतकरू मुलगा फोटो घेऊन आला. मोकळी जागा, कोपऱ्यात चिंच, भिंतीचा पत्ता नाही. फाइलचं नाव `IMG-20230614-WA0009.jpg`. "मॅडम, नावातच तारीख आहे की. १४ जून २०२३."

मी आधी मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये फोटोसोबत साठवलेली माहिती, वाचणारी ही आज्ञा चालवली:

```
exiftool -a -G1 -s IMG-20230614-WA0009.jpg
```

कॅमेऱ्याचं नाव नाही, फोटो काढल्याची वेळ सांगणारं `DateTimeOriginal` नाही, जीपीएस नाही. आकार १६०० बाय १२००, वजन दोनशे केबीच्या आसपास. मग हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडून पाहिली, तर पहिले चार बाइट `FF D8 FF E0`. फोनच्या कॅमेऱ्यातून थेट आलेल्या जेपेगमध्ये तिथे बहुतेकदा `FF D8 FF E1` दिसतं. ते `E1` म्हणजे ज्या कप्प्यात एक्सिफ, म्हणजे तारीख, मॉडेल, ठिकाण ही माहिती राहते त्याची खूण. इथे तो कप्पाच नव्हता.

याचं कारण साधं आहे. फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की अ‍ॅप तो उघडून त्याचे नुसते पिक्सेल घेतं, आकार कमी करतं आणि त्यातून नवी जेपेग फाइल तयार करतं. जुन्या फाइलमधला एक्सिफचा कप्पा नव्या फाइलमध्ये उतरवलाच जात नाही. म्हणजे कुणी मुद्दाम पुसलेलं नसतं, फाइलच दुसरी असते. आणि अँड्रॉइडवर नावातली तारीख ही त्या फोनवर तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपमधून गेल्या-आल्याची असते, `WA0009` हा त्या दिवसाचा क्रमांक.

मग आम्ही उलटा माग काढला. १४ जूनला फोटो पाठवला होता आत्याने. तिला तो घरच्या ग्रुपवर मिळाला होता. ग्रुपवर टाकणारा भाचा पुण्यात. त्याच्या फोनमध्ये मूळ फाइल सापडली: `IMG_20200115_171843.jpg`, ४००० बाय ३०००, साडेतीन एमबीच्या वर. `DateTimeOriginal` मध्ये १५ जानेवारी २०२०, संध्याकाळचे सव्वापाच. फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, म्हणून मी त्याच दिवशीचे मागचेपुढचे फोटो पाहिले. तिळगुळाची ताटं, हळदीकुंकू. त्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीलाच होती. चिंचेची सावली लांब पडलेली, गवत वाळलेलं. सगळं जुळलं.

म्हणजे फोटो अस्सल होता, पण २०२० चा. २०२१ च्या भिंतीबद्दल तो काहीच सांगत नव्हता. त्या मुलाने मात्र नावातल्या तारखेच्या भरवशावर अर्जाचा मसुदा टंकूनही ठेवला होता.

मेटाडेटा नाही म्हणजे फोटो बनावट, असं म्हणणं

नाही. मेटाडेटा नाही म्हणजे फाइल कुठल्यातरी अ‍ॅपमधून गेली आहे, एवढंच. उलटही तितकंच खरं: एक्सिफमधली तारीख एका आज्ञेने बदलता येते, म्हणून ती असली तरी दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहायलाच हवी.

फॉरवर्ड झालेल्या फोटोवर ईएलए चालवून निकाल देणं

घाईच्या नवशिक्यांचा हा आवडता शॉर्टकट, आणि मला तो अजिबात मान्य नाही. ईएलए म्हणजे एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस, त्यात फोटो ठरावीक दर्जाने पुन्हा सेव्ह करून कुठल्या भागात किती फरक पडला ते पाहतात. नंतर चिकटवलेला तुकडा कमी-जास्त वेळा दाबला, म्हणजे कॉम्प्रेस झाला, असेल तर तो वेगळा उजळेल, ही अपेक्षा. पण अ‍ॅपने आकार बदलून अख्खा फोटो एकाच दर्जाने पुन्हा दाबला की चिकटवलेला तुकडा आणि आजूबाजूचा भाग एकाच पातळीवर येतात. वरच्याच फोटोचा हिशेब करा: मूळ १ कोटी २० लाख पिक्सेल, आलेले १९ लाख २० हजार, बाकीचे बारकावे गेले. सेन्सरच्या बारीक गोंगाटावरून कॅमेरा ओळखायची पद्धतही इथे लंगडी पडते, कारण तो गोंगाट याच हरवलेल्या बारकाव्यांत असतो.

तरीही ईएलएमध्ये काहीतरी चमकतंच. ठळक कडा आणि पाटीवरची अक्षरं अस्सल फोटोतही चमकतात. एकाने दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उजळली म्हणून "पाटी बदलली आहे" असं लिहून दिलं होतं. मी त्याच फोनने दुसऱ्या पाटीचा फोटो काढून, त्याच मार्गाने पाठवून, तीच तपासणी लावली. ती पाटीही तशीच उजळली. तेव्हापासून मी असा तुलनेचा फोटो घेतल्याशिवाय ईएलएकडे पाहतच नाही, आणि फॉरवर्डवर अहवालात त्याचा आधार घेत नाही.

स्क्रीनशॉटला फोटोची प्रत समजणं

स्क्रीनशॉट हा पडद्याचा फोटो. त्याची लांबीरुंदी पडद्याची, वेळ स्क्रीनशॉट घेतल्याची, मॉडेल लिहिलेलं असलंच तर पाहणाऱ्याच्या फोनचं. मूळ जेपेग फोटो ज्या आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबतं त्यांची जाळी, किती दाबायचं ते ठरवणारं कोष्टक, यातलं काही सरळ हाती लागत नाही. चॅटचा स्क्रीनशॉट आला तर मी तो फोन मागते आणि चॅट त्यातच उघडून पाहते.

"डॉक्युमेंट म्हणून पाठव" एवढंच सांगून निश्चिंत होणं

डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल पुन्हा दाबली जात नाही, हे खरं. पण पाठवणारे मूळ फाइलऐवजी व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमधलीच प्रत डॉक्युमेंट करून पाठवतात. काही फोनवर निवडताना जीपीएसही गळतं, तारीख मात्र राहते. म्हणून जमलं तर मी केबल लावून स्वतः कॉपी करते आणि तिथल्या तिथे हॅश, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेला ठशासारखा लांब आकडा, काढते:

```
sha256sum IMG_20200115_171843.jpg
```

हॅशबद्दलही एक गैरसमज आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागा आहे, म्हणून लोक फॉरवर्डचाच हॅश लिहून मोकळे होतात. त्या हॅशने, ही प्रत तेव्हापासून बदललेली नाही, एवढंच दाखवता येतं. त्याआधी काय झालं त्याबद्दल तो मुका असतो.

मूळ फाइल मिळालीच नाही तर मी अहवालात तसं स्पष्ट लिहिते: मिळालेली फाइल पुन्हा दाबलेली आहे, काढल्याची वेळ आणि उपकरण यांबद्दल या फाइलवरून मत देता येत नाही. वकिलांना हे वाक्य आवडत नाही, फोन करून "थोडं पक्कं लिहा ना" म्हणतात. मी त्यांना आधीच्या पाठवणाऱ्याचा नंबर मागते.