गावनकाशा आणि उतारा जुळवताना या चुका टाळा

"मामा, उताऱ्याला साडेसहा एकर आहे, पण नकाशावर पट्टी लावली तर सव्वादोनच भरतात. बाकीची जमीन गेली कुठं?" खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात वाटणी निघाली किंवा जमीन घ्यायची झाली की असा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा जमीन जागेवरच असते, चूक कागद वाचण्यात झालेली असते. पण तेवढ्यावरून शेजाऱ्यावर संशय जातो, बांधावर भांडण लागतं आणि मग वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. म्हणून एकच उदाहरण घेऊन नीट बघूया.

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका गावात सर्व्हे नंबर ६४ आहे. आकारबंदात, म्हणजे नंबरवार क्षेत्राच्या सरकारी नोंदवहीत, त्याचं एकूण क्षेत्र ६ एकर २० गुंठे आहे. त्यातले १२ गुंठे पोटखराब 'ब', म्हणजे नाल्याखाली. उरलं ६ एकर ८ गुंठे लागवडीचं. उतारे तीन: ६४/१ ला २ एकर २५ गुंठे, ६४/२ ला १ एकर ३८ गुंठे आणि ६४/३ ला १ एकर २५ गुंठे. गावनकाशावर या नंबराचा आकार जवळजवळ आयताकृती आहे.

छापील नकाशावर सरळ पट्टी लावणे

आपल्याकडचे बरेचसे गावनकाशे १:७९२० या प्रमाणात आहेत. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे साखळीचा हिशेब आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची. नकाशावरचा एक इंच म्हणजे अशा २० साखळ्या, म्हणजेच ६६० फूट. यातून एक सोयीची गोष्ट मिळते: नकाशावरचा एक चौरस इंच म्हणजे बरोबर १० एकर. आपला ६४ नंबर मूळ नकाशावर १ इंच लांब आणि ०.६५ इंच रुंद असेल, तर क्षेत्र ०.६५ चौरस इंच, म्हणजे साडेसहा एकर. आकारबंदाशी बरोबर जुळलं.

मात्र हे मूळ मापाच्या नकाशावरच खरं आहे. landrecords.karnataka.gov.in वरून उतरवलेली फाइल दुकानात दिली की दुकानदार ती ए-फोर कागदात बसवतो. नकाशा आक्रसतो, पण कोपऱ्यातलं '१:७९२०' तसंच छापून येतं. फसगत होते ती इथे.

ती ओळखायची कशी? नकाशाच्या खाली किंवा बाजूला प्रमाणपट्टी काढलेली असते. कागदाबरोबर तीही आक्रसते, म्हणून विश्वास तिच्यावर ठेवायचा. समजा तिच्यावर ४० साखळ्यांची खूण आहे. ४० साखळ्या म्हणजे १३२० फूट. मूळ नकाशावर ही लांबी २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर भरायला हवी. तुमच्या कागदावर ती ३० मिलिमीटरच भरली, तर या प्रतीवर १ मिलिमीटर म्हणजे ४४ फूट. आता ६४ नंबर मोजा: लांबी १५ मिलिमीटर, रुंदी पावणेदहा. ४४ ने गुणलं की ६६० फूट आणि ४२९ फूट येतात. गुणाकार २,८३,१४० चौरस फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट, त्याने भागलं की साडेसहा एकर. ज्याने छापील १:७९२० धरून हिशेब केला, त्याचे सव्वादोन एकर आले. दोघांनी एकच कागद मोजला होता.

नकाशावर प्रमाणपट्टी नसेल किंवा फाटली असेल, तर ज्या नंबराची एखादी लांब सरळ बाजू टिप्पणात, म्हणजे मोजणीच्या कच्च्या आराखड्यात, लिहिलेली आहे ती पकडा आणि तिच्यावरून एका मिलिमीटरचे फूट काढा. एका बाजूवर भागवू नका. आडवी एक आणि उभी एक अशा दोन घ्या, कारण झेरॉक्समध्ये कागद एकीकडे जास्त ताणला जाण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट याच आकड्यांतून दिसते. या प्रतीवर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर २२ फूट रुंद होते. मूळ मापाच्या नकाशावरसुद्धा ती १३ फुटांची होते. बांधाचा वाद असतो दोन-चार फुटांचा. तो गावनकाशावर पट्टी लावून सुटणं शक्यच नाही. गावनकाशा वाचायचा तो नंबर कुठे आहे, त्याला लागून कोणते नंबर आहेत, नाला आणि वाट कुठून जाते, यासाठी.

एकर-गुंठे दशांशात धरणे

उताऱ्यावर २.२५, १.३८, १.२५ असं लिहिलेलं दिसतं. मोबाइलवर बेरीज केली की ४.८८ येते. आकारबंदात लागवडीचं क्षेत्र मात्र ६.०८. लगेच वाटतं, एक एकर वीस गुंठे कुणीतरी खाल्ले. खरं तर टिंबानंतरचे आकडे गुंठे आहेत आणि एकराचे गुंठे ४०. म्हणून गुंठे वेगळे मिळवायचे: २५, ३८ आणि २५ मिळून ८८ गुंठे, म्हणजे २ एकर ८ गुंठे. एकर मिळवायचे: २, १ आणि १ मिळून ४. एकूण ६ एकर ८ गुंठे. एक गुंठाही कमी नाही.

ही चूक सीमेपलीकडे शेती असलेल्यांकडून जास्त होते, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. चंदगडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात. तिथे १०० आरचा हेक्टर, त्यामुळे साधी दशांशाची बेरीज चालते. तीच सवय हात धरून इकडच्या उताऱ्यावर येते. साडेसहा एकर तिकडे २.६३ हेक्टर लिहिले जातील, इकडे ६.२०. दोन्हीकडच्या जमिनीची एकत्र वाटणी करायची असेल तर आधी सगळं चौरस मीटरमध्ये आणा. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा.

बेरीज बरोबर आली तरी आकारबंदाच्या एकूण क्षेत्रापेक्षा उताऱ्यांची बेरीज १२ गुंठे कमी आहे, हे लक्षात आलं असेल. ते पोटखराब 'ब' आहे: नाला, रस्ता, स्मशान अशा सार्वजनिक वापराची जागा. पोटखराब 'अ' मात्र खातेदाराचीच असते, खडक, खळं, गोठ्याची जागा वगैरे, फक्त लागवडीयोग्य धरलेली नसते. जमीन घेताना या दोन अक्षरांकडे दुर्लक्ष करू नका. 'ब' मधल्या १२ गुंठ्यांचे पैसे मोजून देणारे लोक आहेत, आणि नंतर नाल्यावर हक्क सांगताना त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

नकाशावर हिस्सा शोधणे, न मिळाल्यास स्वतः रेघ मारणे

गावनकाशावर साधारणपणे ६४ ची बाहेरची हद्द दिसते, ६४/२ दिसेलच असं नाही. पोटहिस्से हिस्सा नकाशात असतात आणि तो सर्व्हे ऑफिसमधून मागून घ्यावा लागतो. तो न मागता काही जण गावनकाशावर क्षेत्राच्या प्रमाणात तीन पट्टे पाडतात आणि "हा आमचा" म्हणून जागेवर जातात. क्षेत्र जुळतं, पण जागा जुळेलच याचा काही आधार नसतो. ६४/२ मधोमध उभा पट्टा असेल किंवा नाल्याकडचा कोपरा, हे क्षेत्राच्या आकड्यावरून कधीच कळत नाही.

याहून अवघड गोष्ट म्हणजे उतारा एकच आणि मालकांच्या रकान्यात चार नावं, प्रत्येकापुढे क्षेत्र लिहिलेलं, पण पोडी, म्हणजे हिस्से मोजून वेगळे करण्याचं काम, झालेली नाही. अशा वेळी कुणाचा तुकडा कोणता हे सरकारी कागदावर ठरलेलंच नसतं. जागेवर जे दिसतं ती वहिवाट. त्यातला भाग घ्यायचा असेल तर दस्त करण्याआधी मोजणी होऊन ११ ई नकाशा, म्हणजे विकायच्या तुकड्याचा नकाशा, तयार झाला पाहिजे, आणि त्या नकाशातला तुकडा विकणाऱ्यासोबत जागेवर उभं राहून बघितला पाहिजे. दस्तातल्या चतुःसीमा त्या नकाशातल्या शेजारच्या नंबरांशी एकेक करून ताडा. पूर्वेला "अमक्याची जमीन" एवढंच लिहिलं असेल तर तिथे नंबर घालून घ्या. माणसं बदलतात, जमिनी विकल्या जातात, नंबर शोधता येतो.

टिप्पण नकाशासारखं वाचणे

हद्दीची खरी मापं टिप्पणात असतात. पण टिप्पण प्रमाणात काढलेलं नसतं, तो हाताने काढलेला कच्चा आराखडा असतो. त्यावर पट्टी लावायची नाही, लिहिलेले आकडे वाचायचे. ते आकडे साखळी आणि आण्यात असतात. साखळीचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. बाजूवर ७-१२ लिहिलं असेल तर सात साखळ्या बारा आणे: २३१ फूट अधिक पावणेपंचवीस फूट, एकूण २५५ फूट ९ इंच. हेच कुणी ७.१२ साखळ्या समजला तर २३५ फूट धरतो आणि एकाच बाजूत जवळजवळ २१ फूट गमावतो. वादाच्या बैठकीत असा चुकीचा आकडा एकदा तोंडून गेला की दुसरी बाजू पुढचं काही ऐकून घेत नाही.

टिप्पणाचा वरचा भाग उत्तरच असेल असं गृहीत धरू नका. भोवताली लिहिलेले शेजारचे नंबर बघा आणि गावनकाशावर ते ज्या बाजूला आहेत त्याप्रमाणे कागद फिरवा.

राहिल्या लहान चुका. गाव चुकीचं निवडणं ही त्यातली मोठी: कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द दोन्हीकडे ६४ नंबर असू शकतो, तेव्हा नकाशाच्या शीर्षकावरचं गाव आणि उताऱ्यावरचं गाव अक्षर न् अक्षर ताडा. जुन्या नकाशावर निपाणीच्या गावांना चिकोडी तालुका आणि कागवाडच्या गावांना अथणी तालुका लिहिलेला सापडेल, त्याने घाबरू नका. दिशांक ॲप आपण कोणत्या नंबरात उभे आहोत हे सांगायला चांगलं आहे, पण फोनचा जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे होतो. त्याच्या निळ्या ठिपक्यावर बांध ठरवू नका.

हे सगळं करूनही फरक राहिला, तर तो कुठे आहे हे आधी पाहा. आकारबंद आणि उतारा यांच्या क्षेत्रातच फरक असेल तर प्रश्न नोंदीचा आहे. दोन्हींच्या नकला जोडून तहसीलदार कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या, मोजणी मागवून उपयोग नाही. कागद आपसांत जुळतात पण जागेवरचा बांध जुळत नाही, तर नाडकचेरीत हद्दबस्तीचा, म्हणजे हद्द मोजून दाखवण्याचा, अर्ज द्या. सर्व्हेअर येण्याच्या दिवशी आकारबंद, हिस्सा नकाशा आणि टिप्पणाची नक्कल हातात ठेवा, शेजाऱ्यांना नोटीस मिळाली का ते स्वतः विचारून घ्या, आणि मोजणी कोणत्या दगडापासून सुरू केली हे पंचनाम्यात लिहून घ्या. सरकलेल्या दगडापासून साखळी लावली तर पुढची प्रत्येक हद्द तेवढीच सरकते, म्हणून सर्व्हेअरला दूरच्या दुसऱ्या एका पक्क्या खुणेपर्यंत माप जुळवून दाखवायला सांगा.