बर्फाचे ४,८५० रुपये आणि बारा आकडे

हर्णै बंदरावर बर्फवाल्याला यूपीआयनं पैसे दिले. खात्यातून गेले, त्याला पोचलेच नाहीत. पुन्हा दिले, ते पोचले. पाच दिवसांत पहिले परत येतील म्हणून थांबलो, आले नाहीत.

मग बँकेला लिहिलं, “गेल्या आठवड्यात साधारण पाच हजार कापले गेले.” उत्तर आलं, कोणता व्यवहार? मी अ‍ॅपमधला लांबलचक अक्षरी क्रमांक पाठवला. तो अ‍ॅपचा स्वतःचा निघाला, बँकेला तो सापडेना. दोन आठवडे गेले!

शेवटी पासबुकाच्या नोंदीतला बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक घेतला. दोन्ही नोंदी ४,८५० च्याच, त्यामुळे दोन्ही क्रमांक लिहिले: पहिला अयशस्वी, दुसरा यशस्वी, परतावा फक्त पहिल्याचा. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. पैसे रात्री ११:५२ ला दिले होते, पण पासबुकात दुसऱ्या दिवसाची तारीख. म्हणून दोन्ही तारखा, महिना अक्षरांत. बर्फवाल्याच्या खात्याच्या उताऱ्याची प्रत जोडली, त्यात एकच जमा दिसत होती.

या पत्रावर उलट प्रश्न आला नाही. ४,८५० जमा झाले. पाच दिवसांच्या मुदतीनंतर झालेल्या उशिराची रोज १०० रुपये भरपाई मात्र बँकेकडे वेगळी मागावी लागली.