न्यूक्लियसच्या रांगा मोजून एपिथेलियम ओळखू नका

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला एक चूक हमखास होते. स्लाइड लावली की मुलं थेट 40x वर जातात, न्यूक्लियसच्या दोन-तीन रांगा दिसल्या की जर्नलमध्ये ‘स्यूडोस्ट्रॅटिफाइड’ लिहून मोकळी होतात. नुसत्या रांगा मोजून हा प्रश्न सुटत नाही. कारण साधं एकपदरी एपिथेलियमसुद्धा तिरकं कापलं गेलं की अनेकपदरी दिसतं. पडवळ तिरकं कापलं की त्याची भिंत जाड दिसते, तसंच.

गेल्या काही बॅचेसपैकी एका बॅचला मी पित्ताशयाची स्लाइड स्पॉटर म्हणून ठेवली होती. पित्ताशयाला आतून सिंपल कॉलम्नर एपिथेलियम असतं आणि म्युकोजाला भरपूर घड्या असतात, त्यामुळे कुठली ना कुठली घडी तिरकी कापली जातेच. पॉइंटरखाली घडीचं टोक होतं, तिथे न्यूक्लियस चार-पाच रांगांत दाटलेले. बहुतेकांनी स्यूडोस्ट्रॅटिफाइड लिहिलं, काहींनी स्ट्रॅटिफाइड. व्हायवाला एक मुलगी म्हणाली, “सर, मी मोजले, चार थर आहेत.” मी तिला 10x वर आणून स्लाइड थोडी सरकवायला सांगितली. त्याच घडीच्या बाजूला पेशी उभ्या, सरळ कापलेल्या होत्या. लांबट न्यूक्लियस बुडाकडे, एकाच रांगेत. “आता?” म्हटल्यावर तिने स्वतःच उत्तर बदललं. तिची नजर चांगली होती. ज्या जागेवरून ती उत्तर देत होती, ती जागाच चुकीची होती.

म्हणून माझी सवय अशी: आधी लो पॉवरवर संपूर्ण पृष्ठभाग फिरून बघायचा आणि एपिथेलियम सगळ्यात पातळ कुठे आहे ते शोधायचं. पेशींच्या कडा बेसमेंट मेंब्रेनपासून वरपर्यंत सलग दिसतात, तीच जागा नीट कापलेली. तिथे न्यूक्लियस एका रांगेत असतील तर ते सिंपल, मग शेजारी कितीही गर्दी असो. तिथेही न्यूक्लियस वरखाली असतील, तरच पुढचा प्रश्न विचारायचा.

तो पुढचा प्रश्न म्हणजे स्यूडोस्ट्रॅटिफाइड की स्ट्रॅटिफाइड. स्यूडोमध्ये प्रत्येक पेशी बेसमेंट मेंब्रेनला टेकलेली असते, पण सगळ्या वरपर्यंत पोचत नाहीत. ‘प्रत्येक पेशी टेकते’ हे साध्या मायक्रोस्कोपखाली सिद्ध करायला जाऊ नका, ते दिसतच नाही. दिसतं ते वेगळं. श्वासनलिकेच्या स्लाइडवर खाली लहान गोल न्यूक्लियसची ओळ, त्यावर लांबट न्यूक्लियस, आणि सगळ्यात वर न्यूक्लियस नसलेला सायटोप्लाझमचा पट्टा दिसतो. त्यावर सिलिया, मध्ये मध्ये फिकट गॉब्लेट सेल. स्ट्रॅटिफाइड स्क्वेमसमध्ये असा मोकळा पट्टा नसतो. पेशी खालून वर चढताना हळूहळू चपट्या होत जातात.

एपिडिडिमिसमध्ये मात्र घाई करणारे उलट्या दिशेने घसरतात. तिथे उंच पेशींचे न्यूक्लियस बऱ्यापैकी एका ओळीत असतात, म्हणून ‘सिंपल कॉलम्नर’ लिहिलं जातं. बुडाशी छोटे गोल न्यूक्लियस आहेत का बघा. ते असले की स्यूडोस्ट्रॅटिफाइड. वरच्या लांब केसांसारख्या दिसतात त्या स्टिरिओसिलिया. त्या हलत नाहीत, त्यांना सिलिया म्हणू नका.

सिलिया दिसल्या म्हणजे स्यूडोस्ट्रॅटिफाइड, हाही पाठांतराचा शॉर्टकट आहे आणि तो मला अजिबात मान्य नाही. गर्भनलिकेत सिलिया असतात, पण एपिथेलियम सिंपल कॉलम्नर असतं.

स्ट्रॅटिफाइडचं नाव सगळ्यात वरच्या थरावरून ठरतं. अन्ननलिकेच्या बुडाच्या पेशी घनाकार किंवा उभट असतात, ते बघून कॉलम्नर लिहिणारे भेटतात. वर बघा: चपट्या पेशी आणि त्यांत न्यूक्लियस, म्हणजे नॉन-केराटिनाइज्ड. त्वचेवर वरचा थर न्यूक्लियस नसलेला, गुलाबी, म्हणजे केराटिनाइज्ड. अन्ननलिकेच्या एपिथेलियमच्या मधोमध संयोजी ऊतीची गोल बेटं दिसली तर घाबरू नका. खालून वर घुसलेले पॅपिला तिथे आडवे कापले गेलेले असतात.

रिकाम्या मूत्राशयात वरच्या पेशी फुगीर, घुमटाकार असतात, कधी दोन न्यूक्लियसच्या. ते ट्रान्झिशनल.

फुप्फुसाच्या वायुकोशांत आणि रक्तवाहिन्यांच्या आत सिंपल स्क्वेमस असतं, थायरॉइडच्या फॉलिकलमध्ये बहुधा सिंपल क्युबॉइडल. इथे फारसं कोणी चुकत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या श्वासनलिकेच्या किंवा ब्रोंकसच्या स्लाइडवर काही ठिकाणी सिलिया जाऊन स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस आलेलं असू शकतं. त्याला स्क्वेमस मेटाप्लेजिया म्हणतात. तेव्हा कार्टिलेज दिसलं म्हणून डोळे मिटून स्यूडोस्ट्रॅटिफाइड लिहू नका. पॉइंटर ज्या पेशीवर आहे, तिथे काय दिसतंय ते लिहा.